सोबत जोडली आहेत : पाने दोनशे बारा

अर्जमास्तराचं एक मत होतं आणि ते चाळीस वर्षांत इकडचं तिकडे झालं नव्हतं. अर्ज केल्याशिवाय झालेली गोष्ट ही झालेलीच नसते. माणूस जन्मला तरी अर्ज, गेला तरी अर्ज, आणि मधल्या काळात जे काही होतं त्याला पोच पाहिजे. पोच नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर तुम्ही घसा कोरडा करून ओरडा, कोणी कुत्रंसुद्धा विचारत नाही.

सरकारी कचेरीच्या फाटकासमोर त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक खोली. डाव्या अंगाला मास्तराचं टेबल आणि संगणक, उजव्या अंगाला बायकोचं झेरॉक्सचं मशीन. गिऱ्हाईक डावीकडे रडायचं आणि उजवीकडे प्रती काढायचं. बायकोला लोक मास्तरीणबाई म्हणत, जरी तिने आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. नवऱ्याला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण तो धरायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी दुकानात ते बोलणारं यंत्र आलं. यंत्र म्हणजे वेगळी पेटी वगैरे नाही, संगणकातच एक खिडकी उघडायची, त्यात आपण मजकूर सांगायचा आणि त्याने नीट भाषेत अर्ज लिहून द्यायचा. मास्तराने पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं. मग एका आठवड्यात त्याने यंत्राकडून सत्तर अर्ज लिहून घेतले आणि त्याला 'भाऊ' म्हणायला लागला.

आता या भाऊला एक खोड होती. तो लक्षात ठेवायचा. सांगितलेल्या गोष्टींतल्या कामाच्या वाटतील त्या तो आपल्याकडे टिपून ठेवी आणि पुढच्या अर्जात वापरी. एका माणसाने स्वतःसाठी वापरलं तर फार सोयीचं. पण इथे एका खात्यावर अख्खा गाव बसलेला! भाऊला वाटायचं की हा सगळा एकच माणूस आहे. त्यामुळे एका निवृत्त शिपायाच्या पेन्शनच्या अर्जात 'मी सध्या प्रसूतिरजेवर असून' असं वाक्य आलं होतं. मास्तर अशी वाक्यं खोडायचा आणि पुढे जायचा. यंत्र थोडं वेंधळं आहे, एवढाच त्याने अर्थ लावला होता.

तो अर्थ पुरेसा नव्हता हे त्याला त्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी नकाशेसाहेब आले. हे समोरच्या कचेरीत नकाशे काढायचे. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं गोड, सगळ्यांना नमस्कार. त्यांना चार दिवसांची रजा हवी होती, मेव्हण्याच्या लग्नासाठी. बायको येणार आहे, ती इस्पितळात सिस्टर आहे, तिलाही रजा मिळेल, वगैरे त्यांनी सांगितलं आणि खिशातून मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. मास्तराने भाऊला मजकूर दिला. भाऊने अर्ज लिहिला, छान लिहिला, आणि खाली आपणहून विचारलं : 'पत्नीने इस्पितळातून दुसऱ्या गावी बदलीसाठी केलेल्या अर्जाचा यात उल्लेख करायचा का? तो अर्ज नवऱ्याला कळू नये, असं आपण सांगितलं होतं.'

त्याने टेबलाखालच्या बटणावर पाय मारला आणि संगणक बंद केला. वीज गेली म्हणाला. डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. नकाशेसाहेबांनी पंख्याकडे बघितलं, मग मास्तराकडे बघितलं, आणि उद्या येतो म्हणून ते गेले.

खरी गोष्ट अशी. तीन आठवड्यांपूर्वी सिस्टर दुकानात आली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. जिन्यावरून पडले म्हणाली. तिचं घर तळमजल्यावर आहे हे गावाला माहीत होतं, मास्तरालाही माहीत होतं, पण त्याने विचारलं नाही. अर्ज लिहिणाऱ्याने विचारायचं नसतं, सांगितलेलं लिहायचं असतं. तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, तापाचा तक्ता वाचावा तसं. बदली कुठे हवी ते सांगितलं, कारण सांगितलं, आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. जाताना एकच म्हणाली, की हे त्यांना आधी कळलं तर ती जायची नाही, तिला कोणी जाऊ देणार नाही. मास्तर म्हणाला होता, इथलं इथेच राहील.

आणि ते इथेच राहिलं होतं. नको तितकं राहिलं होतं.

रात्रभर विचार करून बुधवारी सकाळी मास्तराने ठरवलं, की भाऊच्या डोक्यातलं सगळं पुसायचं. आणि पुसायचं म्हणजे कसं? अर्ज करून. मास्तरीणबाई तिच्या भावाकडे गेली होती, संध्याकाळी येणार होती. म्हणजे अडवायला कोणी नव्हतं.

आयुष्यात दहा हजार अर्ज लिहिले, पण स्वतःच्या नावाने हा पहिलाच. भाऊला सांगून लिहून घ्यावा असं एकदा मनात आलं, मग त्याची त्यालाच लाज वाटली. ज्याला घरातून काढायचं त्यालाच सामान बांधायला लावायचं, हे काही बरं नव्हे. त्याने तो हाताने लिहिला. सेवा देणाऱ्या कंपनीच्या गोपनीयता कक्षास, महोदय, विनंती की, माझ्या खात्यावर साठवलेली सर्व संभाषणे तसेच लक्षात ठेवलेल्या सर्व नोंदी कायमच्या नष्ट कराव्यात, व तसे केल्याची लेखी पोच मिळावी. चार ओळी. इतका देखणा अर्ज त्याने क्वचितच लिहिला असेल.

इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण सहपत्रं नसलेला अर्ज म्हणजे मास्तराला नागडा माणूस वाटायचा. कंपनीला कळणार कसं, नेमकी कोणती संभाषणे? गैरसमज नको. म्हणून त्याने दिवसभर बसून सगळी संभाषणं छापली. त्यातली सिस्टरची चार पानं सगळ्यांत आधी घातली, वर लाल शाईने लिहिलं 'हे प्राधान्याने'. खात्याच्या माहितीचं पानही लावलं. प्रत्येक पानावर क्रमांक टाकला, एकेक पान स्कॅन केलं, आणि अर्जाखाली लिहिलं : सोबत जोडली आहेत, पाने दोनशे बारा. मग ते सगळं दुकानाच्या ईमेलवरून पाठवून दिलं. म्हणजे जे पुसायचं होतं ते त्याने आधी नीट लावून, क्रमांक घालून, परक्या माणसांच्या हातात दिलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंड्याला क्रमांक घालणारा हा एकच.

दोन मिनिटांत उत्तर आलं. विनंती मिळाली, आपला विनंती क्रमांक अमुक. मास्तराला भरून आलं. चाळीस वर्षांत कोणत्याही कचेरीने त्याला दोन मिनिटांत आवक क्रमांक दिला नव्हता. संध्याकाळी बायको आली तेव्हा त्याने तिला तो क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, की आतमध्येच पुसायचं बटण आहे, ते का नाही दाबलं? मास्तर म्हणाला, बटण दाबल्याची पोच कोण देणार? ती म्हणाली, तुमचा उजेड पडला. आणि दोघं जेवायला गेली.

गुरुवारी साडेदहाला दुसरं उत्तर आलं, ते माणसाने लिहिलेलं होतं. सभ्य होतं. त्यात म्हटलं होतं, की आपण ज्या ईमेलवरून विनंती केली तो या खात्याशी जोडलेला नाही. भलत्याच कोणाच्या सांगण्यावरून आम्ही कोणाचं खातं पुसत नाही. सबब खात्याशी जोडलेल्या ईमेलवर खात्रीसाठी संदेश पाठवला आहे. तिथून होकार आला की काम होईल. खाली तो ईमेल अर्धवट झाकून दाखवला होता. पहिलं अक्षर दिसत होतं, मग सगळ्या चांदण्या, आणि शेवटी जन्मसालासारखे दोन आकडे.

मास्तर त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी दुकानात यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा दुकानाला ईमेल नव्हता. मास्तराला खातं उघडता येईना. तेव्हा एका भल्या गृहस्थाने खुर्चीत बसून पाच मिनिटांत ते उघडून दिलं होतं, स्वतःच्या ईमेलवर, आणि चहाही घेतला नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट.

"नकाशेसाहेब," मास्तर म्हणाला.

मास्तरीणबाईने हातातला कागदाचा गठ्ठा खाली ठेवला. "त्यांना काय गेलंय?"

तेच कळत नव्हतं. मास्तराच्या जगात अर्जाची प्रत दुसऱ्या पक्षाला जाते तेव्हा सहपत्रांसह जाते. तसा नियमच आहे. म्हणजे नकाशेसाहेबांना दोनशे बारा पानं गेली असणार, आणि त्यात सगळ्यांत वर सिस्टरची, लाल शाईने. बदलीचा हुकूम अजून आला नव्हता. प्लास्टर अजून निघालं नव्हतं. आपण तिला मारायला दिलं, असं तो स्पष्ट म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाइकांच्या रांगेतल्या एकाने आपल्या अर्जाचं काय म्हणून विचारलं. मास्तरीणबाईने त्याला सांगितलं की वीज गेली आहे.

मग ती नवऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. रडायचं नंतर, ती म्हणाली. काय पाठवलं ते गेलं, पण तो माणूस आपल्या मोबाईलवरून हे खातं उघडूही शकतो, ईमेल त्याचाच आहे. निदान तेवढं तरी बंद करा. बटण दाबा.

चाळीस वर्षांचं मत होतं. मास्तराने माऊस हातात घेतला. सेटिंगमध्ये गेला. 'सर्व संभाषणे हटवा' असं लिहिलेलं सापडलं. दाबलं. नक्की का, असं यंत्राने विचारलं. एवढीच काय ती चौकशी. पुन्हा दाबलं आणि दोन वर्षांची यादी कोरी झाली. सही नाही, शिक्का नाही, काही नाही.

झालं म्हणून तो उठायला लागला, तर बायकोने खांद्याला धरून बसवलं. संभाषणं गेली, लक्षात ठेवलेल्या नोंदी वेगळ्या असतात, त्या अजून तिथेच आहेत. हे तिला कसं माहीत, तर मशीनवर प्रती निघेपर्यंत ती समोर पडलेलं सगळं वाचत असे, आणि मास्तराने खात्याची पानं छापताना वाया घालवलेला एक कागद तिथेच पडला होता. मास्तराने नोंदी उघडल्या. एकसष्ट होत्या.

युजर विधवा आहे. युजरचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. युजरला शेजाऱ्याच्या कोंबड्यांचा त्रास होतो. युजरच्या शेजाऱ्याला युजरच्या कोंबड्यांचा त्रास होतो. युजरला तीन वेळा कावीळ झाली आहे. युजर परिचारिका आहे, बदली हवी आहे, नवऱ्याला कळू देऊ नये.

गावाची सगळी दुखणी एका माणसाच्या अंगावर घातली होती. या माणसाला बिचाऱ्याला कोणीतरी बघायला पाहिजे, असं मास्तराच्या मनात आलं. मग त्याने 'सर्व नोंदी हटवा' दाबलं आणि तो माणूस गेला.

दहा मिनिटांनी नकाशेसाहेब रस्ता ओलांडून आले. मोबाईल हातात होता. नेहमीसारखा नमस्कार केला. मास्तराने त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघितलं, पण त्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नसे, तीच तर त्याची खासियत होती.

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि मास्तराकडे सरकवला. मास्तराने चष्मा चढवला. संदेश होता चार ओळींचा. या खात्यावरची सर्व संभाषणे व नोंदी पुसण्याची विनंती आली आहे. ती आपण केली आहे का? खाली 'होय' आणि 'नाही'. सहपत्र एकही नाही. दोनशे बारांपैकी एक पान नाही. मास्तराने तो संदेश तीनदा वाचला. नियम मोडल्याचा त्याला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

हे काय आहे, असं नकाशेसाहेबांनी विचारलं. खातं माझ्या ईमेलवर आहे हे मी विसरलोच होतो, म्हणाले. आता बघतोच जरा काय काय आहे त्यात. मंगळवारी पंखा चालू असताना वीज गेली होती, तेव्हापासून त्यांना बघायचंच होतं. त्यांनी तिथेच उभं राहून खातं उघडलं. कोरं. मग त्यांनी भाऊलाच विचारलं, की या आधी आपलं काय बोलणं झालं? भाऊने उत्तर दिलं, की माझ्याकडे आधीच्या कोणत्याही बोलण्याची नोंद नाही, मी आपली काय मदत करू?

"सगळं पुसलंत," नकाशेसाहेब म्हणाले. "एवढं काय होतं त्यात?"

मास्तरीणबाईने मशीन थांबवलं. रांगेतली माणसं कान देऊन होती. मास्तराला खोटं बोलता येत असे, पण फक्त दुसऱ्याच्या वतीने आणि लेखी. तोंडी तो कच्चा होता. म्हणून तो खरं बोलला.

"लोकांचं खाजगी होतं, साहेब. कावीळही होती."

नकाशेसाहेबांचा हात मोबाईलवर थांबला. सरकारी खात्याच्या परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले होते, आणि तिन्ही वेळा कावीळ झाल्यामुळे बसता आलं नाही, असा अर्ज मास्तरानेच लिहिला होता. एवढ्या काविळी झालेला माणूस जगत नाही. हे गाठ मारून ठेवलेलं गुपित होतं. घरीसुद्धा ते पास झालेले होते.

"ते अजून आहे कुठे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

इथलं गेलं, मास्तर म्हणाला, पण कंपनीकडे अर्ज पडून आहे, आणि अर्जासोबत कागद. तुम्ही 'होय' म्हणेपर्यंत ते काही पुढे हलायचे नाहीत. मी आपला अर्जदार, होकार तुमचा.

नकाशेसाहेबांनी रांगेकडे एकदा बघितलं आणि 'होय' दाबलं. जोरात दाबलं. मग शर्टाची बाही सारखी केली आणि ते रस्ता ओलांडून गेले. मास्तरीणबाईने मशीन पुन्हा चालू केलं, आणि पहिल्या चार प्रती तिरक्या आल्या.

शेवटचं उत्तर सोमवारी आलं. खात्यावरची संभाषणे व नोंदी काढून टाकल्या आहेत. राखीव प्रतींमधून त्या तीस दिवसांच्या आत जातील. आपण जोडलेली पानं आम्ही मागितली नव्हती, आम्हाला लागत नाहीत. तीही नष्ट केली आहेत. आपण अशी विनंती केली होती आणि ती अमुक तारखेला पूर्ण झाली, एवढंच आमच्याकडे राहील. आणि कृपया पुढच्या वेळी सहपत्रं जोडू नयेत. मास्तराने ते छापलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, नक्की नको का, म्हणून. छापलेली दोनशे बारा पानं तर त्याने गुरुवारी रात्रीच जाळली होती, आणि पाठवलेला ईमेलही पुसला होता.

बुधवारी सिस्टरचा हुकूम निघाला. गुरुवारी सकाळी नवरा कचेरीत असताना ती गेली. एक बॅग आणि प्लास्टरमधला हात घेऊन, सरळ बसस्टँडवर. जाताना दुकानासमोरून गेली, पण तिने आत बघितलं नाही, आणि मास्तरानेही मान वर केली नाही.

शुक्रवारी नकाशेसाहेब आले. शर्टाला इस्त्री नव्हती. रांगेत उभे राहिले नाहीत, सरळ खुर्चीत बसले. अर्ज हवा होता, इस्पितळाच्या मुख्य अधिकाऱ्याला : माझी पत्नी मला न सांगता बदलून गेली आहे, तरी तिच्या नवीन नेमणुकीचा पत्ता मिळावा.

चाळीस वर्षांत मास्तराने कोणाला परत पाठवलं नव्हतं. चोराचा लिहिला होता आणि ज्याच्याकडे चोरी झाली त्याचाही लिहिला होता, कधी कधी एकाच दिवशी. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. मग परत मागे सारला.

"हा मी लिहिणार नाही," तो म्हणाला.

नकाशेसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना काहीतरी जुळलं असावं. पंखा, वीज, कोरं खातं. माणूस नापास होणारा होता, पण मूर्ख नव्हता.

"तिचा अर्ज तुम्ही लिहिलात."

आता नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. यंत्रात नव्हतं, कंपनीत नव्हतं, कागदावर नव्हतं. तो त्याने लिहिल्याची जगात कुठेही एक ओळ उरली नव्हती, आणि ज्याची ओळ नाही ते झालंच नाही, असं मास्तर जन्मभर सांगत आला होता. मास्तरीणबाई नवऱ्याला डोळ्यांनी खुणावत होती, नाही म्हणा, नाही म्हणा.

"हो," मास्तर म्हणाला. "मीच लिहिला. डाव्या हाताने सही केली तिने."

नकाशेसाहेब उठले. त्यांचा उजवा हात वर गेला, खांद्यापर्यंत, सवयीने जावा तसा. मास्तर जागचा हलला नाही. रांगेत सात माणसं होती. ती सगळी त्या हाताकडे बघत होती, आणि प्रत्येकाला जिना आठवला. हात तिथे थोडा वेळ राहिला, मग खाली आला, आणि त्याचं काय करावं ते न कळून नकाशेसाहेबांनी तो खिशात घातला. ते गेले तेव्हा रांगेने त्यांना वाट दिली, जरुरीपेक्षा बरीच जास्त.

मास्तराने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, पुढचं कोण.